कर्जाचा हप्ता आणि त्यातील व्याजाचा वाटा
हप्ता कसा काढतात, आणि सुरुवातीला बहुतेक पैसे व्याजातच का जातात?

बँक व्याज मूळ रकमेवर नव्हे, तर त्या महिन्यात शिल्लक असलेल्या मुद्दलावर आकारते, आणि शेवटच्या महिन्यात शिल्लक शून्य होईल अशी समान रक्कम पुढील सूत्राने ठरवते. त्यात P मुद्दल, r मासिक दर आणि n हप्त्यांची संख्या आहे.

```
P × r × (1+r)^n / ((1+r)^n − 1)
```

10,00,000 चे कर्ज, वार्षिक 9 टक्के (म्हणजे मासिक 0.75 टक्के) दर आणि 240 महिने धरल्यास हप्ता सुमारे 8,997 येतो. पहिल्या महिन्याचे व्याजच 7,500 असल्याने मुद्दलात फक्त 1,497 जमा होतात. शिल्लक जेमतेम कमी झाल्यामुळे पुढील व्याजही 7,489 भरते, आणि हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला थेट 149 वा हप्ता उजाडतो. यात बँकेची लबाडी नाही. मात्र मुदत लांबवली की हा काळही लांबतो.