खरा ल्युमेन कुठला, हे ठरवताना

प्रश्न: मी मुंबईत रेडिओलॉजीचा फर्स्ट इयर रेसिडेंट आहे. सीटीवर एऑर्टामधला फ्लॅप दिसतो, पण ट्रू ल्युमेन कुठला आणि फॉल्स कुठला, यात दर वेळी गोंधळ होतो. कसं ओळखायचं?

आधी विंडो बदला. नेहमीच्या सॉफ्ट टिश्यू विंडोत कॉन्ट्रास्ट इतका पांढरा दिसतो की बारीक फ्लॅप त्यात बुडून जातो. विड्थ ७०० च्या आसपास आणि लेव्हल २०० ठेवली की दोन्ही ल्युमेनमधला फरक उठून दिसतो.

आता एक केस सांगतो. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, बीपीच्या गोळ्या मनानेच बंद केलेल्या, लोकलमधून उतरताना दोन खांद्यांच्या मधोमध पाठीत जोरदार कळ. ईसीजी नॉर्मल. सीटीवर असेंडिंग एऑर्टा आणि आर्च स्वच्छ, फ्लॅप सुरू होतो तो लेफ्ट सबक्लेव्हियनच्या जरा पुढे. म्हणजे स्टॅनफर्ड बी. अशा वेळी चिन्हं शोधत बसू नका. आर्चमधल्या न फाटलेल्या भागात कर्सर ठेवा आणि एकेक स्लाइस खाली या. जो ल्युमेन सलग जोडलेला राहतो, तोच ट्रू. इथे तो लहान, चेपलेला आणि जास्त उजळ होता. उजळपणावर मात्र विसंबू नका, कारण डिलेड फेजमध्ये फॉल्स ल्युमेन तितकाच, कधी जास्तही उजळ दिसतो.

फ्लॅप थेट रूटपासून असेल तर वरून मागोवा घेता येत नाही. मग खालून, इलियाकमधल्या न फाटलेल्या भागापासून वर जा. तिथेही फाटलेलं असेल तर बीक साइन बघा. फ्लॅप बाहेरच्या भिंतीला जिथे मिळतो तिथे फॉल्स ल्युमेनच्या बाजूला अरुंद, टोकदार चोच तयार होते. ट्रूच्या बाजूला असा निमुळता कोन नसतो. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच चिन्हावर आहे. कॉबवेब, म्हणजे फॉल्समधले बारीक तंतू, दिसले तर उत्तमच, पण सहसा दिसत नाहीत.

ओळखून थांबू नका, फांद्या बघा. या पेशंटमध्ये सीलियाक, एसएमए आणि उजवी रीनल ट्रू ल्युमेनमधून निघत होत्या, डावी रीनल फॉल्समधून, आणि डाव्या किडनीचा कॉर्टेक्स फिका भरला होता. रिपोर्टमध्ये व्हॅस्क्युलरवाल्यांना हेच आधी हवं असतं, कारण स्टेंट ग्राफ्ट ट्रू ल्युमेनमध्येच बसवायचा असतो.

एक फसवी जागा आहे. गेटिंगशिवाय केलेल्या स्कॅनमध्ये हृदयाच्या ठोक्यामुळे एऑर्टिक रूटवर खोटा फ्लॅप उमटतो. तो बहुधा डाव्या-पुढच्या आणि उजव्या-मागच्या कडेला असतो, दोन-चार स्लाइसमध्ये विरतो, आणि त्याची रेघ भिंतीबाहेरच्या फॅटमध्येही गेलेली दिसते. शंका राहिली तर ईसीजी गेटिंग लावून रूट पुन्हा स्कॅन करून घ्या. तिथे ‘टाइप ए’ लिहिलंत तर पेशंटची छाती उघडण्याची तयारी सुरू होते.