उठल्यावर किती वेळाने?

प्रिय लेकी,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. भावाच्या क्रिकेट किटमध्ये, पॅडच्या आत खोचलेल्या मोज्यात वेप, म्हणजे ती ई-सिगारेट, सापडली. आईला वाटलं, पॉवर बँक असेल. वडिलांनी तिथल्या तिथे 'उद्यापासून क्लास बंद, मोबाइल बंद' जाहीर केलं, आणि आता दोघंही तुझ्या तोंडाकडे बघत बसलेत. 'बाई, शिस्त लावायची की समुपदेशकाकडे न्यायचं?' असं तू विचारतेस. अगं, त्याच्या आधीचा प्रश्न तुमच्या घरात कुणी विचारलेलाच नाही. सकाळी उठल्यावर पहिला झुरका तो किती वेळाने घेतो?

तंबाखू सोडवणारे डॉक्टर हे सुरुवातीलाच विचारतात. निकोटिन रक्तात फार वेळ टिकत नाही, साधारण दोन तासांत निम्मं होतं. म्हणजे रात्रभराच्या झोपेत ते बरंचसं उतरतं आणि सकाळी शरीर ते पुन्हा किती घाईने मागतं, त्यावरून पकड कळते. डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत हात उशीखाली जात असेल, तर पकड घट्ट आहे. अर्ध्या तासात जात असेल, तरी सवय लागलेली आहे असंच धर. दुपारपर्यंत आठवणच होत नसेल, तर गोष्ट वेगळी. 'दिवसाला किती?' हे विचारून वेपच्या बाबतीत काही हाती लागत नाही. सिगारेटची थोटकं मोजता येतात. इथे मुलगा दिवसभर मधूनमधून ओढतो, त्याचा हिशेब त्याच्याकडेच नसतो.

फोटो पाठवलास ते बरं केलंस. अंगठ्याएवढी चपटी कांडी, एका टोकाला ओठ लावायची निमुळती चोच, दुसऱ्या टोकाला टाइप-सी केबलचं भोक. आईला पॉवर बँक वाटली यात तिचा दोष नाही. हायलायटरसारख्या, पेनसारख्या, पेनड्राइव्हसारख्या अशा कितीतरी आकारांत ही येते, आणि ओळखू येऊ नये हाच त्या आकारांचा हेतू. पण तिच्या मागच्या बाजूला ५ टक्के छापलंय, ते तुझ्या नजरेतून सुटलं. याचा अर्थ एका मिलीलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटिन. आत दोन मिलीलिटर द्रव असला, तर १०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या अंगात साधारण एक-दीड मिलिग्रॅम जातं. वेपमधलं सगळंच रक्तात उतरत नाही, तरी ही 'नुसती सुगंधी वाफ' नाही, एवढं आईला समजावून सांग. शिवाय यातलं निकोटिन बहुधा क्षाररूपात असतं, त्यामुळे ते घशाला चरचरत नाही. पहिल्या सिगारेटला ठसका लागून कितीतरी मुलं तिथेच थांबायची. इथे तो ठसकाच काढून टाकलाय.

वासाचं तुझ्या आईला आधीच कळलं होतं, फक्त तिने ते मनावर घेतलं नाही. ऐन पौषात मुलाच्या खोलीत आंब्याच्या गोळीचा वास येतो आणि आपण पडदा सरकवेपर्यंत तो जातो, हे तुझ्याच मेसेजात आहे. सिगारेटचा वास कपड्यांत, केसांत मुरतो. हा काही मिनिटांत विरतो. राहते ती चिकट साय. त्या द्रवात ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, त्याची वाफ थंड काचेवर बसते. नाशिकच्या थंडीत खिडक्या बंदच असतात, तेव्हा त्याच्या टेबलाजवळच्या काचेवर बोट फिरवून बघ. धूळ कोरडी निघते. हे बोटाला किंचित बुळबुळीत लागतं. तेच रसायन तोंड कोरडं पाडतं, म्हणून रात्री उशाशी बाटली, सारखं घसा खाकरणं, एखाद्याचं नाकही फुटतं. जास्त ओढलं गेलं तर मळमळ, डोकेदुखी, घाम. त्याला आपण बाहेरचं खाल्लं म्हणून ओवा देतो.

पण यातली एकेक खूण सुटी घेऊन कुणाला पकडायला जाऊ नकोस. अकरावीतली पोरं अंगावर अर्धी बाटली स्प्रे मारतात, मिंटच्या गोळ्या चघळतात आणि कारण नसताना चिडतात. एका आईने माझ्या टेबलावर आपटलेला 'वेप' आजोबांचा इन्सुलिनचा पेन निघाला होता. पोरगं तीन दिवस घरात कुणाशी बोललं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. तीन-चार खुणा एकत्र आल्या तर बोलायचं. आणि खुणा कितीही जमवल्यास तरी त्या फक्त 'आहे' एवढंच सांगतात. 'किती' ते सांगत नाहीत. आई-वडील हेरगिरीत इतके रमतात, की वस्तू सापडली म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. खरं तर तिथून ते सुरू होतं. उठल्यावर किती वेळाने?

हे विचारायचं कसं, तेही ऐक. वडिलांनी विचारायचं नाही, जेवताना विचारायचं नाही. तू त्याला गाडीवर मागे बसव, सोमेश्वरला चहाला घेऊन जा. 'ओढतोस का?' असं विचारलंस तर 'नाही' येणार. 'माझी नाहीये, मित्राची आहे' हे तर ठरलेलंच. 'उठल्या उठल्या लागते, की क्लासला गेल्यावर?' असं विचार आणि मग गप्प बस. तुला गप्प बसणं जमत नाही, आठवीपासून माहीत आहे मला. या एका वेळी जमव. घरात वडिलांच्या धाकाने त्याला सकाळी ओढता येत नसेल, तर उत्तर फसवं येईल. म्हणून हेही बघ, की सातच्या क्लासला इंदिरानगरहून तो सहालाच का निघतो, आणि गावी सगळे एका खोलीत झोपलात त्या दिवशी सकाळी तो कसा होता. चिडचिड, अस्वस्थपणा, कशात लक्ष नाही, आणि बाहेर एक चक्कर मारून आल्यावर एकदम माणसात? मग तो काहीही म्हणो, तुला उत्तर मिळालं.

मी यावर इतकी हटून बसते, त्याला कारण आहे. मी पर्यवेक्षिका असताना नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात अशीच कांडी सापडली. शिस्त समिती बसली. मी म्हटलं, याला आधी विचारू या, सकाळी कधी लागते. सगळे हसले. एक सर म्हणाले, 'बाई, आपण शाळा चालवतो, दवाखाना नाही.' आठवडाभर निलंबन ठरलं. त्याचे वडील अंबडला शिफ्टमध्ये, आईचं पार्लर, आजी गावी. म्हणजे ज्या मुलाला शाळेत निदान तासाला तरी थांबावं लागायचं, त्याला आपण आठवडाभर रिकामं घर दिलं. दुसरी कांडी त्याने त्याच दिवशी मिळवली. परत आला तेव्हा दर तासाला 'बाई, पाणी' म्हणून उठायचा. आधी मधल्या सुट्टीत एकदा जायचा. दिवाळीनंतर त्याच्या हातात दाखला ठेवला. मी भांडले होते, इतिवृत्तात माझा विरोध नोंदवून घेतला होता. मला 'लाड करणाऱ्या बाई' म्हणायचे, म्हणोत. तरी दाखल्याच्या दिवशी मी गेटपर्यंत गेले नाही, ते मनातून जात नाही. असो. आता तुझ्या भावाचं.

तो म्हणाला, 'शनिवारी मित्रांबरोबर, एरवी नाही', आणि खुणाही तेच सांगत असल्या, तर सरळ शिस्त. समुपदेशकाकडे ओढत नेऊन त्याला आजारी ठरवू नका. वस्तू घरातून जाईल, पैसे कुठून आले ते तो सांगेल, काही आठवडे खर्चाचा हिशेब देईल. क्लास बंद करायचा नाही. क्लासने त्याचं काय बिघडवलंय? मित्रांच्या वस्तू 'ठेवायला' घेतो का, हेही विचार. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, वाटप, साठा, सगळ्यावर बंदी आहे. आयात, विक्री किंवा वाटपाच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी त्यात वेगळी शिक्षा नाही, पण चार पोरांना मिळवून देणारा पोरगा वाटपाच्या कलमात येऊ शकतो. हे धमकी म्हणून सांगू नकोस, माहिती म्हणून सांग. आणि दुकानात उघड विकता येत नाही म्हणजे ती चोरून आलेली असते, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तो म्हणाला, 'उठल्या उठल्या', तर शिक्षेने काही होणार नाही. त्याचं शरीर मागतंय, तुम्ही काढून घेतलंत तर तो दुसरी आणेल आणि आता नीट लपवेल. तिथे समुपदेशन हवं, आणि ते म्हणजे 'हे वाईट असतं बाळा' असं व्याख्यान नव्हे. चांगला समुपदेशक आधी विचारतो, तुला यात काय आवडतं. मग विचारतो, सोडायची इच्छा दहापैकी किती. तो 'तीन' म्हणाला तर 'इतकी कमी का?' असं विचारत नाही. 'शून्य का नाही?' असं विचारतो. तिथे मूल स्वतःची कारणं स्वतःच्या तोंडाने बोलतं. मग सोडायची तारीख ठरवायची, परीक्षेच्या आठवड्यातली नको. पहिले तीन दिवस सगळ्यांत वाईट जातात: डोकं दुखेल, झोप उडेल, तुमच्यावर खेकसेल, भूक वाढेल. दोन-चार आठवड्यांत ओसरतं. त्या दिवसांत वडिलांनी 'हीच का तुझी सुधारणा' म्हटलं की सगळं मुसळ केरात. मेडिकलमधून निकोटिनचं च्युइंग गम आपल्या मनाने आणायचं नाही, अठराच्या आतल्यांना ते डॉक्टरांनी ठरवून द्यायचं असतं. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याच्या विभागाची चौकशी कर. नाहीतर १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन त्याने स्वतः करायचा.

मध्येच एकदा घसरला, तर ते लपवलं म्हणून रागवा, ओढलं म्हणून नको. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक वडिलांना पटवणं हे तुझं खरं काम. त्यांच्या शर्टाच्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी असते, ती मी पालकसभेतही पाहिलीय. तोच प्रश्न त्यांनाही विचार, आणि मुलगा समोर असताना विचार. चिडतील. चिडू देत. बापलेकांनी एकाच तारखेला सोडायचं ठरवलं, तर तुला समुपदेशकाची अर्धी फी वाचली म्हण.

आणि हो, वडिलांना ती कांडी हातोडीने फोडू देऊ नकोस. आत लिथियमची बॅटरी असते, ती पेट घेते. कचऱ्याच्या डब्यातही नको, ई-कचऱ्यात दे. तोवर तुझ्या बहिणीचं लहान बाळ येतं ना घरी, त्याच्या हाती लागणार नाही अशी वर ठेव. तो द्रव एवढ्याशा पोटात गेला तर दवाखान्यात धावावं लागेल.

रविवारी सोमेश्वरहून आलात की फोन कर. तो काय म्हणाला ते सांग, तू काय म्हणालीस ते नको.

तुझ्या बाई