प्रश्नचिन्ह आणि टिंबाकडे आधी बघा

इंग्रजी शब्दकोडं नव्याने सोडवायला घेतलंय ना? मग सूचना वाचताना आधी तिचं शेपूट बघा. शेवटी प्रश्नचिन्ह असेल, तर सरळ अर्थ बहुतेक वेळा फसवा असतो. ‘फ्लॉवर ऑफ लंडन?’, सहा अक्षरं. तुम्ही गुलाब, लिली शोधत बसाल. पण ‘फ्लो’ म्हणजे वाहणं, म्हणून ‘फ्लोअर’ म्हणजे वाहणारी! स्पेलिंग तेच, उच्चार वेगळा. उत्तर थेम्स नदी. अशा वेळी सूचनेतला सगळ्यात साधा दिसणारा शब्द पकडा आणि तो दुसऱ्या कुठल्या अर्थाने वाचता येतो ते बघा. मात्र न्यूयॉर्क टाइम्सचं शनिवारचं कोडं अवघड असतं. तिथे अशी फसवणूक प्रश्नचिन्हाशिवायही होते.

दुसरी खूण टिंबाची. ‘हॉस्प. वर्कर्स’, तीन अक्षरं. सूचनेत शब्द तोडलाय, म्हणजे उत्तरही तुटलेलंच. शिवाय अनेकवचन आहे, त्यामुळे शेवटचं एस पेन्सिलीने खुशाल भरा. उरली दोन अक्षरं: परिचारिका असतील तर आरएन, डॉक्टर असतील तर एमडी किंवा डीआर. इथे अंदाज करू नका, पहिल्या घरातून जाणारा उभा शब्द सोडवा, तोच निकाल देईल.

कधी टिंबाऐवजी शेवटी ‘फॉर शॉर्ट’ असतं; अर्थ तोच. पण ‘टीव्ही’सारखं रोजच्या वापरातलं लघुरूप दिसलं म्हणून उत्तर छोटं करू नका. ‘ई.जी.’चंही तसंच, ते फक्त ‘उदाहरणार्थ’ सांगतं.