एजंटला पैसे द्यायच्या आधी एकदा वाच

अरे बाळा,

तुझा मेसेज काल रात्री बघितला. दुबईत एसी टेक्निशियनची ऑफर आलीये, 1800 दिरहम पगार, आणि एजंट 1 लाख 20 हजार मागतोय, त्यातले 50 सोमवारी द्यायचेत म्हणे. सोमवारी काही देऊ नको. आधी हे पत्र वाच, मग ठरव.

पैशांचं आधी सांगतो. आपल्या सरकारचा नियम आहे, नोंदणी असलेला रिक्रूटिंग एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे 35,400 झाले, आणि त्याची पावती द्यायलाच लागते. तिकडे यूएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेताच येत नाही, तो कंपनीने करायचा. मग हे वरचे 85 हजार कसले? विचार त्याला, तो म्हणेल व्हिसाचे. व्हिसा कंपनी काढते रे! आणि तुझ्या गावातला तो माणूस ज्याने तुला त्याच्याकडे नेलं ना, तो सब-एजंट, त्याला तर कायद्यात जागाच नाही, त्याचं कमिशन तुझ्याच पैशातून जाणार.

एजंटकडे लायसन्स नंबर माग आणि emigrate.gov.in वर स्वतः शोध. ऑफिसात भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या सर्टिफिकेटवर जाऊ नको, नंबर जिवंत आहे का आणि नाव-पत्ता तोच आहे का ते बघ, कारण दुसऱ्याचं लायसन्स दाखवून धंदा करणारे मी मुंबईत स्वतः बघितलेत.

तू दहावी पास, म्हणजे तुझा पासपोर्ट ईसीएनआर. लोकांना वाटतं बरंय, कटकट नाही. पण दहावी न झालेल्या मुलाला दुबईला जाताना सरकारी क्लिअरन्स लागतो, त्यात निदान त्याचा करार आणि एजंट कागदावर येतो, तुझ्या बाबतीत ती चाळणीच नाही. म्हणून तुझ्यासारख्यांना 'आत्ता व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करू' असं सांगून पाठवतात. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे, आणि पगार बुडाला तर तू कामगार म्हणून कुठल्या रेकॉर्डला नसतोस. व्हिसाचा कागद हातात आला की प्रकार बघ, नोकरीचा असेल तर स्पॉन्सर म्हणून कंपनीचं नाव असतं.

आता करार. माझंच सांगतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा इकडे एक कागद सही केला आणि तिकडे कॅम्पात पोचल्यावर रात्री दहाला दुसरा पुढे केला, पगार कमी, नि पासपोर्ट त्यांच्या कपाटात. परत यायला पैसे नव्हते, घरी व्याजाने घेतलेले, केली सही. हे टाळायला आता यूएईत मिनिस्ट्रीच्या फॉर्मवरचं ऑफर लेटर असतं, त्यावर नंबर असतो, आणि नंतरचा करार त्याहून वाईट करता येत नाही. तुला आलंय ते व्हॉट्सअॅपवरचं कंपनीच्या लेटरहेडवालं पान आहे, ते नाही चालणार. मिनिस्ट्रीवालं माग.

आणि ते आलं की 1800 कडे नंतर बघ, आधी बेसिक किती ते बघ. तुझ्या पानावर बेसिक 700 आहे, बाकी फूड, अलाउन्स आणि 'फिक्स ओव्हरटाइम'. म्हणजे ओव्हरटाइम तू काढायच्या आधीच पगारात मोजून टाकलाय! शिवाय ओव्हरटाइमचा दर आणि ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते. 700 भागिले 30 दिवस, भागिले 8 तास, वर 25 टक्के, आले साधारण साडेतीन दिरहम तासाला. बेसिक 1500 असतं तर पावणेआठ झाले असते. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकची, म्हणजे तुला 490, नाहीतर 1050. हिशोब वहीत मांडून बघ, आणि शेजारी 1 लाख 20 हजारांवर सावकाराचं महिन्याला तीन टक्के व्याज लिही, 3600 रुपये दर महिन्याला, मुद्दल वेगळंच.

ऑफर वाईटच आहे असं मी म्हणत नाहीये हां, एसीच्या कामाला तिकडे मागणी आहे, मी चौदा वर्षं काढली. पण पैसे पावतीशिवाय द्यायचे नाहीत, कॅश तर नाहीच, आणि व्हिसा व मिनिस्ट्रीचं लेटर हातात आल्याशिवाय पासपोर्ट कोणाकडे ठेवायचा नाही. एजंट घाई करेल, 'सीट जाईल' म्हणेल. जाऊदे.

एक नंबर लिहून ठेव, यूएईतून 800 46342, भारतीय कामगारांसाठीचं मदत केंद्र आहे, तिकडूनच लागतो. आणि लेटर आलं की सही करायच्या आधी मला फोटो पाठव, बेसिकवाली ओळ नीट दिसेल असा.

तुझा काका

ता.क. आईला सांग, तिचे दागिने सध्या गहाण टाकू नको म्हणावं.