तिघे इंजिनिअर मिळून कन्सल्टन्सी काढतोय. एलएलपी बरी की प्रायव्हेट लिमिटेड?

बाहेरून भांडवल घ्यायचं नसेल तर एलएलपी.

जबाबदारीबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो. समजा, तिघांपैकी एकाने चुकीचं डिझाइन दिलं आणि ग्राहकाचं ६० लाखांचं नुकसान झालं. भरपाई एलएलपीच्या मालमत्तेतून जाईल आणि चूक करणाऱ्याच्या स्वतःच्या घरादारावरही दावा होऊ शकतो. एलएलपी कायदा त्याला वाचवत नाही. इतर दोघांची खासगी मालमत्ता मात्र सुरक्षित राहते. कंपनी काढली तरी स्वतःच्या हातून झालेल्या निष्काळजीपणाची जबाबदारी पूर्ण टळेलच असं नाही. त्यामुळे काहीही निवडा, व्यावसायिक दायित्वाचा विमा घ्याच.

वर्षाचं कागदोपत्री काम एलएलपीत हलकं: ३० मेपर्यंत फॉर्म ११, ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८, शिवाय आयकर विवरणपत्र. उलाढाल ४० लाखांपर्यंत किंवा भागीदारांचं योगदान २५ लाखांपर्यंत असेल तर एलएलपी कायद्याखाली ऑडिटची सक्ती नाही. कंपनीला उलाढाल शून्य असली तरी ऑडिट लागतंच. वर बोर्डाच्या बैठका आणि दरवर्षी भरायचे AOC-4 आणि MGT-7 किंवा MGT-7A हे फॉर्म. काम नाही म्हणून फॉर्म भरायचे राहतात आणि विलंब शुल्क साचत जातं, हे दोन्हीकडे घडतं.

निधीच्या बाबतीत कंपनी सरळ पुढे. एलएलपीत शेअरच नसतात, त्यामुळे गुंतवणूकदाराला प्रेफरन्स शेअर किंवा कर्मचाऱ्यांना ईसॉप देता येत नाही. दोनेक वर्षांत गुंतवणूक घेण्याचा पक्का विचार असेल तर आताच कंपनी काढा, कारण नंतर रूपांतर करताना कराचा प्रश्न उभा राहू शकतो.

एलएलपी काढलीत तर भागीदारी करारनामा मात्र नोंदणीनंतर ३० दिवसांत फॉर्म ३ सोबत दाखल करा.