कराराचे दोन मसुदे आणि सोबत एक शब्दही नाही

प्रश्न: साहेबांनी एकाच कराराच्या दोन फायली शेअर केल्यात, सोबत काहीच सांगितलेलं नाही. दोन्हीतला फरक काढून द्यायचा असावा. पण कसा मांडू? सगळे बदल द्यायचे की फक्त महत्त्वाचे?

उत्तर: दोन्ही द्या, पण एकत्र कालवू नका. वर एका पानात महत्त्वाचे बदल आणि मागे संपूर्ण तुलना जोडलेली, असं मी करते. खरी अडचण ते एक पान ठरवण्याचीच असते.

आधी जुना मसुदा कोणता ते पक्कं करा. फाईलच्या नावातल्या ‘फायनल’वर विसंबू नका. मसुद्यातली तारीख आणि फाईल शेवटची कधी बदलली ते पाहा. तरीही खात्री नसेल तर पहिल्याच ओळीत लिहा: ‘अमुक फाईल जुनी धरली आहे.’ दिशा उलटी धरली गेली तर ‘घातलं’ म्हणून दाखवलेलं प्रत्येक वाक्य प्रत्यक्षात ‘काढलेलं’ असतं. समोरच्याने फाईलमध्ये रंगवून दाखवलेल्या बदलांवरही थांबू नका. Word मध्ये Review > Compare वापरून स्वतः तुलना काढा, कारण बदलांचा मागोवा, म्हणजे Track Changes, बंद ठेवून केलेली दुरुस्ती रंगवलेली दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. सर्वांत महत्त्वाचा बदल बऱ्याचदा न बदललेल्या कलमात असतो. माझ्याकडे आलेल्या एका सेवा-कराराचं सांगते. तुलनेत शंभराहून जास्त खुणा होत्या, बहुतेक क्रमांकांच्या आणि विरामचिन्हांच्या. दायित्वाच्या कलमात मात्र एकही खूण नव्हती. तिथे दोन्ही मसुद्यांत हेच होतं: पुरवठादाराची जबाबदारी मागील १२ महिन्यांच्या ‘शुल्का’पुरती, फक्त कलम ९ चा भंग त्याला अपवाद.

बदल दुसरीकडे होते. पहिला व्याख्यांमध्ये: ‘शुल्क म्हणजे देय रक्कम’ याऐवजी ‘प्रत्यक्ष अदा केलेली रक्कम’. समजा महिन्याचं शुल्क १०० आहे. सेवा बिघडली म्हणून ग्राहकाने ४ महिन्यांची बिलं रोखली, तर भरपाईची कमाल मर्यादा १२०० वरून ८०० वर येते. म्हणजे तक्रार जितकी लांबेल तितकी भरपाई आटते. तुलनेत या बदलाची खूण दोन-तीन शब्दांची होती.

दुसरा बदल याहून अवघड होता. उपकंत्राटदारांबद्दल एक नवं कलम ६ घातलं होतं. त्यामुळे पुढची कलमं एकेकाने सरकली आणि गोपनीयतेचं कलम ९ चं १० झालं. अपवादातला ‘९’ हाताने टाईप केलेला असल्यामुळे तसाच राहिला. नव्या मसुद्यात कलम ९ म्हणजे नोटिसा कुठे पाठवायच्या ते! गोपनीयतेचा भंग गुपचूप मर्यादेखाली आला होता. हे मुद्दाम केलं की नजरचुकीने झालं, ते तुम्हाला कळणार नाही आणि तसा आरोपही लिहू नका. परिणाम तेवढा लिहा.

म्हणून नव्या मसुद्यातला ‘कलम अमुक’ असा प्रत्येक उल्लेख शोधा आणि ते कलम उघडून पाहा. बदललेली प्रत्येक व्याख्या जिथे जिथे वापरली आहे ती ठिकाणंही वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून चालत नाही.

वरच्या पानावर काय घ्यायचं ते मी एका कसोटीवर ठरवते: या बदलामुळे कोणाला किती द्यावं लागेल, कधीपर्यंत बांधून राहावं लागेल किंवा कोणता हक्क जाईल, यातलं काही हललं का? हललं असेल तर जुने शब्द, नवे शब्द आणि खाली परिणाम एका साध्या वाक्यात. नूतनीकरण नको असल्याची सूचना ३० ऐवजी ९० दिवस आधी द्यायची झाली, तर ‘मुदत वाढली’ एवढ्याने भागत नाही. सूचना द्यायची शेवटची तारीख काढून द्या. भाषेची डागडुजी आणि सरकलेले क्रमांक एका ओळीत उरका, मात्र ते तपासल्याचं नमूद करा.

आपली बाजू कोणती ते माहीत नसेल तर ‘वाईट बदल’ असं लिहू नका. ‘पुरवठादाराच्या बाजूने’ असं लिहिलं तर दोन्ही बाजूंच्या वाचकाला उपयोगी पडतं. जी परिशिष्टं स्कॅन केलेली चित्रं आहेत ती Compare वाचत नाही, ती डोळ्यांनी पाहा. नसतील पाहिली तर तसं स्पष्ट लिहा.

काम सुरू करण्याआधी साहेबांना लांबलचक प्रश्नावली पाठवायची गरज नाही. पान पाठवताना खाली दोनच प्रश्न ठेवा: ‘आपण ग्राहक की पुरवठादार? आणि वरचे महत्त्वाचे बदल आपल्याशी बोलून झाले होते का?’