ऑफर लेटरमधील पीएफ आणि ग्रॅच्युइटी

प्रश्न: इंदूरला पहिलीच नोकरी लागली आहे. मूळ पगार 13,000. पत्रात पीएफचे 1,560 दोनदा आणि ग्रॅच्युइटीचे 625 लिहिले आहेत. यांतले माझे किती?

उत्तर: पीएफच्या दोन्ही रकमा पहिल्या महिन्यापासून तुमच्या नावावर जमा होतात, ग्रॅच्युइटीचे 625 रुपये मात्र कंपनीची केवळ तरतूद असून ते तुमच्या पगारातून कापता येत नाहीत. पीएफ म्हणजे मूळ पगार व महागाई भत्त्याचे 12 टक्के: 1,560 तुमच्या पगारातून कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते, पण कंपनीच्या वाट्यातील 8.33 टक्के, म्हणजे 1,083 रुपये, पेन्शन योजनेत जात असल्यामुळे पासबुकात पीएफखाली 1,560 आणि 477 असे दिसतील. मी येथेच पगारपत्रके तयार करतो. पैसे कमी भरले गेल्याची नवीन मुलांची तक्रार बहुतेक वेळा पासबुकातील पेन्शनच्या रकान्यापाशी मिटते.

ग्रॅच्युइटी अखेरच्या पगारावर ठरते: मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षे. पाच वर्षांनी सोडताना मूळ पगार 18,200 असेल, तर वर्षाला 10,500 प्रमाणे 52,500 रुपये मिळतील. कायम नोकरीत पाच वर्षांआधी राजीनामा दिल्यास ती साधारणपणे मिळत नाही. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट लागू नसते, म्हणून नामनिर्देशनाचा अर्ज रुजू होतानाच भरा.